गाडी भरताना आलेली गाठ : एका ऊसतोड कामगार बाईचं प्रकरण

गाळप हंगाम ऐन भरात असताना, जानेवारीतल्या एका सकाळी बीडकडची ३४ वर्षांची एक बाई नवऱ्यासोबत आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आली. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत, आजाराचे आणि कामाचे मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. ती बाकावर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. बसायला सांगितलं तेव्हा एका कुल्ल्यावर भार देऊन कशीबशी टेकली. बाईमाणूस अशी बसली की सिस्टर पडदा ओढायला स्वतःहून उठतात. इतक्या वेळा हे दृश्य आमच्याकडे दिसतं.

तिने जे सांगितलं ते एका वाक्यात मावलं. "मॅडम, काल रातच्याला गाडी भरताना मोळी डोक्यावं घेतली, अन् खाली कायतरी फुटल्यावानी झालं." तिथपासून संडासच्या जागेवर टणक गाठ, चालता येईना, शिंकलं तरी कळ. रात्रभर झोप नाही. नवऱ्याने वाटेतल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या, त्यातल्या दोन तिने उपाशीपोटी घेतल्या होत्या.

ऊसतोडीचं काम जवळून न पाहिलेल्यांसाठी इथे थोडं थांबते, कारण या प्रकरणाचा अर्धा भाग त्या कामात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात शिरायचं, ऊस बुडातून तोडायचा, पाचट साळायचं, शेंडे म्हणजे वाढे छाटायचे आणि त्या वाढ्यांच्याच बंधाने मोळ्या बांधायच्या. एका मोळीचं वजन साधारण २५ ते ४० किलो भरतं. ऊस ओला आणि जाड असेल तर जास्तच. दिवसभर तोडणी झाली की काम संपत नाही. कारखान्याची गाडी येईल तेव्हा ती भरावी लागते, मग ती संध्याकाळी येवो की रात्री अकराला. मोळी जमिनीवरून उचलून डोक्यावर घ्यायची, सरीवरंब्यातून चालत जायचं आणि गाडीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. गाडी जशी भरत जाते तसा चढ वाढत जातो. म्हणजे अंगातली ताकद सर्वांत कमी उरलेली असते तेव्हा चढ सर्वांत मोठा असतो. या बाईला त्रास झाला तो गाडी जवळजवळ भरत आली असताना, आणि मोळी डोक्यावर चढवून द्यायला त्या वेळी शेजारी कुणी नव्हतं. एकटीनेच गुडघ्यावर टेकवून तिने ती वर घेतली होती.

तपासणी डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन केली. गुदद्वाराच्या कडेला डाव्या बाजूला काळसर जांभळी, ताणलेली, मोठ्या द्राक्षाएवढी गाठ होती. वरची त्वचा शाबूत होती आणि बोट लावताच ती कळवळली. हा बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठून झालेला गोळा. कातडीखालच्या शिरांमध्ये अचानक रक्त साकळतं आणि तासाभरात गाठ येते. या भागाच्या कातडीला वेदनेची जाणीव तीव्र असते, म्हणून दुखणं असह्य होतं. आतली मूळव्याध जिथे असते तिथल्या अस्तराला तशी जाणीव नसते, म्हणून आतल्या मोडांतून वर्षानुवर्षं रक्त जातं आणि तरी दुखत नाही.

गुदद्वाराशी दुखतंय म्हटलं की माणसं सरसकट 'मुळव्याध' म्हणतात, आणि दुर्दैवाने काही ठिकाणी उपचारही न बघताच त्याच नावाने होतात. त्यामुळे बाकीच्या शक्यता एकेक करून बाजूला काढाव्या लागतात. चीर पडली असेल तर गाठ नसते. संडासच्या वेळी कापल्यासारखं दुखतं आणि नंतर तासभर आग होत राहते. गळू असेल तर जागा गरम, लाल असते, ठणका दिवसागणिक वाढत जातो आणि अंगात ताप येतो. तिथे वेळ घालवला तर पू आत पसरतो. आतले मोड बाहेर येऊन अडकले असतील तर ते ओलसर, लालभडक दिसतात, वर कातडी नसते, आणि हा प्रकार लगेच शल्यचिकित्सकाकडे पाठवायचा असतो. हिच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. गाठ एका रात्रीत आलेली, ताप नाही, कातडी शाबूत. निदानाला अडचण पडली नाही.

अडचण पुढच्या प्रश्नात होती. ही गाठ मोळीने आणली का?

तिचं आणि नवऱ्याचं ठाम म्हणणं होतं की हो. आणि ते चूक नव्हतं. जड ओझं जमिनीवरून उचलताना माणूस नकळत श्वास कोंडतो. घसा बंद होतो, छाती आणि पोट आवळलं जातं आणि पोटातला दाब एकदम वाढतो. गुदाशयाकडून वर यकृताकडे जाणाऱ्या शिरांना पायातल्या शिरांसारख्या झडपा नसतात. दाब वाढला की रक्त वर सरकायचं थांबतं आणि खालच्या गाद्यांमध्ये तुंबतं. गुदद्वाराच्या आत शिरांच्या या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मजात असतात, त्यांच्यामुळेच वारा आणि मळ धरून ठेवता येतो. त्या आपल्या जागी धरून ठेवणारे धागे सैल झाले की गाद्या फुगतात, खाली सरकतात आणि तीच मूळव्याध. आधीच फुगलेल्या शिरेवर एका जोराच्या हिसक्याचा दाब आला तर तिच्यात रक्त साकळू शकतं. अशी गाठ घेऊन येणारे कितीतरी रुग्ण आदल्या एकदोन दिवसांतलं ओझं, जोराचा खोकला नाहीतर संडासला लागलेला जोर नेमका सांगतात.

पण तोच जोर त्या टोळीतल्या सगळ्यांनीच लावला होता. सगळ्यांनी तशाच मोळ्या वाहिल्या. गाठ हिलाच आली. ओझं आणि मूळव्याध यांचा संबंध अभ्यासांमध्ये एकसारखा दिसत नाही. बद्धकोष्ठ, कुंथणं आणि बाळंतपण यांचा त्याहून स्पष्ट दिसतो. माझं मत असं झालं आहे की ओझं बहुधा शेवटचा धक्का देतं, शिरा मात्र त्याच्या कितीतरी आधी फुगलेल्या असतात. म्हणून ओझ्याचं काम करणाऱ्या रुग्णाला मी आधी संडासबद्दल विचारते, मोळीबद्दल नंतर.

हे विचारायला नवऱ्याला बाहेर पाठवावं लागलं. मग तिने सांगितलं की रक्त जातंय ते दिवाळीपासून, तोडीवर आल्यापासूनच. आधी कधीतरी, आता दर दोन-चार दिवसांनी. संडास झाल्यावर थेंब थेंब, लालभडक, दुखत नाही. कधी काहीतरी बाहेर येतं आणि आपोआप आत जातं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सासूला पाळीचं रक्त जास्त जातंय असं सांगितलं होतं, कारण ते सांगायला तितकी लाज वाटत नाही. याचा धोका किती मोठा आहे हे त्या भागातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. अंगावरून जास्त जातं एवढीच तक्रार कागदावर आली असती, तर हिचा रस्ताही त्या दिशेने वळू शकला असता. रक्त कुठून येतं, संडासच्या वेळीच येतं की एरवीही, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत विचारावंच लागतं.

मग संडासची वेळ. फडाजवळच्या झोपडीला कोपी म्हणतात, आणि कोपीवर संडास नाही. "पहाटं चारला जाऊन यायचं. उजाडलं की गडी माणसं हिंडत्यात. दिवसा लागली तर दाबायची." दाबलेली संडास दुसऱ्या दिवशी खडा होऊन उतरते, कारण मळ आत थांबला की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. पहाटे तिला संडास लागलेलीच नसे, पण वेळ तीच, म्हणून बसून कुंथायचं. कुंथताना पोटात तोच दाब, त्याच शिरांवर, आणि मोळी उचलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

पाणी किती पिता? "कमीच. पाणी प्यालं की सारखं लघवीला जावं लागतं, तिथं आडोसा कुठंय." दिवसभर उन्हात घाम गाळून एक बाटली. जेवण भाकरी आणि ठेचा, कधी पातळ वरण. भाजी बाजाराच्या दिवशी. तीन बाळंतपणं, शेवटचं सहा वर्षांपूर्वी, आणि त्या वेळीही मोड आले होते, जे नंतर आपोआप बसले. आठव्या महिन्यापर्यंत ती तोडीवरच होती.

आता चित्र जुळलं. बाळंतपणात सैल झालेल्या गाद्या, हंगामातली कोरडी आतडी आणि रोज पहाटेचं कुंथणं यांनी तीन महिने तयारी केली, आणि एकटीने उचललेल्या मोळीने त्या रात्री गाठ आणली. नुसतं "ओझं उचलू नका" सांगून पाठवलं असतं तर ते तिच्याच्याने पाळलं गेलं नसतं, आणि पाळलं असतं तरी रक्त थांबलं नसतं.

गाठीचं काय करायचं हे वेळेवर ठरतं. पहिल्या तीन दिवसांत रुग्ण आला आणि दुखणं असह्य असेल तर जागा बधिर करून ती काढणं फायद्याचं असतं. त्यानंतर आला तर वेदना आपोआप उताराला लागलेल्या असतात, तेव्हा न कापता शेक आणि औषधांवर आठ-दहा दिवसांत आराम पडतो. हिला जेमतेम बारा तास झाले होते. बधिर करणारं इंजेक्शन देऊन गाठीवरची कातडी लंबगोल कापून आतला काळा गोळा बाहेर काढला. नुसती चीर देऊन गोळा पिळून काढला तर कडा चिकटून रक्त पुन्हा साकळू शकतं, म्हणून थोडी कातडी काढावीच लागते. जखमेला टाके घातले नाहीत, ती उघडीच भरू दिली. तासाभराने ती दोन्ही कुल्ल्यांवर बसून चहा प्याली.

आतले मोड त्या दिवशी बघता आले नाहीत, दुखऱ्या जागी नळी घालणं योग्य नव्हतं. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ आलं. इथेही सावध राहावं लागतं. मूळव्याधीतून रक्त जातंय आणि अंगात रक्त कमी आहे, म्हणजे एकातून दुसरं झालं, असा हिशेब घाईने मांडायचा नसतो. हिची पाळी नियमित होती, पण आहारात लोह कमी, तीन बाळंतपणं, आणि अनवाणी फडात वावर. जिथे उघड्यावर बसावं लागतं तिथल्या मातीतून आकडेकृमी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. गर्भ नसल्याची खात्री करून जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली. वजन घटणं, शौचाच्या सवयीत आपसूक बदल, मळात मिसळलेलं गडद रक्त, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असतं तर वय ३४ असूनही दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं असतं. तसं काही नव्हतं.

लोहाच्या गोळ्या देताना एक पेच होता. त्यांनी संडास घट्ट होते आणि काळी पडते. काळी संडास बघून रुग्ण घाबरतो, घट्ट संडास बघून गोळ्या बंद करतो. म्हणून आधी पोट सैल करायचं, आठवडाभराने लोह सुरू करायचं, तेही एक दिवसाआड, आणि काळा रंग गोळीचा असतो हे आधीच सांगून ठेवायचं, असं ठरवलं.

घरी काय करायचं हे सांगताना घर म्हणजे पाचटाची कोपी, हे ध्यानात धरावं लागलं. कोमट पाण्यात बसायला टब कुठून आणणार? रुंद घमेलं चालतं, स्वच्छ घासलेलं, दिवसातून दोनदा आणि संडासनंतर, दहा मिनिटं. संडास पातळ होण्यासाठी इसबगोल, झोपताना दोन चमचे, मोठ्या तांब्याभर पाण्यात. आणि मेडिकलमधल्या त्या दुखण्याच्या गोळ्या बंद, कारण उपाशीपोटी त्या जठराला जाळतात आणि रक्तस्राव वाढवू शकतात. साधी पॅरासिटामॉल पुरेशी होती.

पाचव्या दिवशी ती परत आली. गाठ नव्हती, जखम भरत होती, पण संडास आधीपेक्षाही खडा आणि पुन्हा रक्त. विचारल्यावर कळलं की इसबगोल ती अर्धा कप चहात घेत होती. इसबगोल पाणी ओढून फुगतं. पाणीच कमी मिळालं तर आतड्यात त्याचा चिखल होऊन बसतो आणि तक्रार वाढते. पाणी का घेत नाही याचं उत्तर पुन्हा आडोशावरच आलं. तेव्हा इसबगोल थांबवून लॅक्टुलोजचं पातळ औषध दिलं, जे कमी पाण्यावरही काही प्रमाणात चालतं. पहाटे उठल्याबरोबर दोन तांबे पाणी पिऊन मग थोड्या वेळाने जायचं, म्हणजे पोट आपोआप ढकलतं, कुंथावं लागत नाही, असं सांगितलं. दुपारच्या पाण्यासाठी सिस्टरांनी सुचवलेली गोष्ट उपयोगी पडली. टोळीतल्या बायकांनी फडाच्या कडेला चार काठ्या रोवून जुन्या साडीचा आडोसा केला. पुढच्या वेळी ती म्हणाली की आता सगळ्याच जास्त पाणी पितात.

राहिलं ओझं. १५ दिवस मोळी उचलायची नाही असं मी कागदावर लिहून दिलं. नवऱ्याने कागद हातात घेतला आणि म्हणाला, "मॅडम, ही घरी बसली तर खाडा पडतो. उचल फिटायची कशी?" दोघांनी मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली होती आणि चुकलेल्या दिवसाचा खाडा त्यातूनच धरला जाणार होता. पूर्ण विश्रांतीचा सल्ला इथे अव्यवहार्य होता, म्हणून कामाचे तुकडे केले. ऊस तोडणं, साळणं आणि मोळी बांधणं यात पोटाला तो हिसका बसत नाही. धोका जमिनीवरून डोक्यावर घेण्यात आणि फळीवर चढण्यात आहे. तिने तोडावं, बांधावं, गाडी मात्र नवऱ्याने आणि शेजारच्या कोयत्याने भरावी, बदल्यात तिने त्यांच्या मोळ्या बांधाव्यात, असं मुकादमाशी फोनवर बोलून ठरलं. तो तयार झाला, कारण बाई कायमची आडवी पडली तर त्याचंही नुकसानच होतं.

१५ दिवसांनंतर मोळी उचलायची तेव्हा काय करायचं, तेही दाखवलं. मोळी दोघांनी मिळून डोक्यावर चढवायची, एकटीने गुडघ्यावर टेकवून नाही. उचलताना श्वास कोंडायचा नाही, तोंडाने 'हूं' करत सोडायचा, म्हणजे घसा उघडा राहतो आणि दाब खाली कमी जातो. आधी वाकून नाही, बसून उचलायचं. मोळ्या लहान बांधाव्यात का, हा प्रश्न तिच्या नवऱ्यानेच काढला, आणि खरं उत्तर सरळ नाही. मोळी लहान केली तर प्रत्येक उचलीचा दाब कमी, पण फेऱ्या वाढतात, आणि मजुरी टनावर असल्याने वेळही वाढतो. मोठ्या मोळ्या तिच्यासाठी तरी नकोत, एवढं मी ठामपणे सांगितलं. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत प्रौढ बाईने एकटीने ३० किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये असं घातलेलं आहे, पुरुषाला ५५. उसाच्या फडात मोळीचं वजन कुणी करत नाही.

तीन आठवड्यांनी जखम पूर्ण भरली होती. तेव्हा नळी घालून आत पाहिलं. दोन मोड होते, कुंथल्यावर बाहेर येणारे आणि आपोआप आत जाणारे, म्हणजे दुसऱ्या अवस्थेतले. अशा मोडांच्या मुळाशी छोटं रबर बसवलं की ते सुकून गळून पडतात. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. ती तयार होती. तरीही ते मी त्या वेळी करू दिलं नाही. रबर बसवल्यावर मोड गळतो तो साधारण एक ते दोन आठवड्यांनी, आणि क्वचित त्याच वेळी जोराचा रक्तस्राव होतो. त्या दिवसांत ती पुन्हा मोळ्या उचलत असणार, कदाचित टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हललेली असणार, आणि मध्यरात्री रक्त सुटलं तर दवाखान्यापर्यंत नेणारं वाहन म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. औषध आणि पाण्यावर रक्त थांबलंच होतं. त्यामुळे रबर हंगाम संपून गावी गेल्यावर, महिनाभर घरी असताना बसवायचं ठरलं.

मार्चच्या अखेरीस टोळी परतायच्या आधी ती शेवटची आली. हिमोग्लोबिन १०.१, रक्त महिनाभर नाही, मोड फक्त एकदाच बाहेर आलेला, तोही सलग दोन रात्री गाड्या भरल्यानंतर. गावच्या डॉक्टरांसाठी तिच्याजवळ चिठ्ठी दिली. तिच्यात लिहिलं : दोन मोड, दुसरी अवस्था, रबर बसवण्यायोग्य; हिमोग्लोबिन अजून कमी, लोह तीन महिने चालू ठेवावं आणि न वाढल्यास दुसरं कारण शोधावं; पाळीच्या तक्रारीशी या रक्ताचा संबंध नाही, गर्भाशयाची सोनोग्राफी सामान्य आहे; पुढच्या हंगामाला निघण्याआधी निदान सहा आठवडे उपचार पूर्ण झालेले असावेत.